मोठ्या तेजीनंतरचा रायझिंग वेज आणि ब्रेकडाउनचं टार्गेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायझिंग वेज नेमका कशाला म्हणायचं?

किंमत वर चढतेय, वरच्या टोकांना जोडणारी रेषा चढती आहे, खालच्या टोकांना जोडणारी रेषाही चढती आहे, पण खालची रेषा वरचीपेक्षा जास्त उभी आहे. त्यामुळे दोन्ही रेषा पुढे जाऊन एका बिंदूत मिळतात. हा झाला रायझिंग वेज. वरची रेषा आडवी असेल तर तो असेंडिंग ट्रँगल, दोन्ही समांतर असतील तर चॅनेल. या तिघांची टार्गेट मोजण्याची पद्धत वेगळी असल्यामुळे नाव ठरवण्यात घाई करू नये.

दोन्ही रेषांना मिळून किमान पाच स्पर्श हवेत, म्हणजे एकीला तीन आणि दुसरीला दोन. चार बिंदूंवर काढलेला वेज हा अंदाज असतो. पाचवा स्पर्श झाला की त्या रेषांकडे बाजारही बघतोय असं म्हणायला आधार मिळतो.

तेजीत असलेल्या कॉइनमध्ये हा मंदीचा संकेत कसा? किंमत तर नवे उच्चांक करतेय.

उच्चांक नवे असतात, पण प्रत्येक नवा उच्चांक आधीच्यापेक्षा थोडासाच वर असतो. खालून खरेदीदार अजून उत्साहात आहेत, प्रत्येक घसरण आधीपेक्षा लवकर विकत घेतात, म्हणून खालची रेषा उभी राहते. पण वर विकणारे वाढलेत, म्हणून तेवढ्याच खरेदीतून मिळणारी वाढ कमी होत जाते. व्हॉल्यूम सहसा उतरत जातो. वेज तयार होत असताना व्हॉल्यूम वाढत असेल तर मी त्याला मंदीचा वेज म्हणायला कचरतो. तशा वेळी किंमत वरच्या बाजूला फुटण्याची शक्यता गंभीरपणे धरावी.

ऑल्टकॉइनमध्ये, म्हणजे बिटकॉइन सोडून बाकीच्या क्रिप्टो कॉइनमध्ये, यात एक भर पडते. मोठ्या तेजीनंतर बरेचसे लोक लिव्हरेज घेऊन, म्हणजे उसन्या पैशावर, लाँग असतात, म्हणजे वाढीवर पैसे लावून बसलेले असतात, आणि त्यांचे स्टॉपलॉस खालच्या रेषेच्या जरा खाली रांगेत लागलेले असतात. रेषा तुटली की ते स्टॉप आणि लिक्विडेशन, म्हणजे एक्सचेंजनं सक्तीनं बंद केलेल्या पोझिशन, एकामागून एक सुटतात. पातळ ऑर्डर बुकमुळे घसरण पहिल्याच कँडलमध्ये मोठी होते. पुढे दिसेल की टार्गेटचा हिशेब करताना ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते.

टार्गेट मोजायचं कसं? एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

एक काल्पनिक कॉइन घेऊ. किंमत ०.४० डॉलरपासून निघाली आणि काही आठवड्यांत चौपटीहून जास्त झाली. नंतर वेग मंदावला आणि डेली चार्टवर वेज तयार झाला. वेजच्या पहिल्या तळाला आपण दिवस ० म्हणू.

खालचे तीन स्पर्श असे: दिवस ० ला १.५०, दिवस १६ ला १.८२, दिवस २८ ला २.०६. म्हणजे खालची रेषा रोज ०.०२ नं चढते. वरचे तीन स्पर्श: दिवस ६ ला २.००, दिवस २२ ला २.१६, दिवस ३४ ला २.२८. वरची रेषा रोज ०.०१ नं चढते. दोन्ही रेषा दिवस ४४ ला २.३८ वर मिळतील. दिवस ३६ ला खालची रेषा २.२२ वर होती आणि डेली कँडल २.१२ वर बंद झाली. ब्रेकडाउन झाला.

आता पहिलं मोजमाप: वेजचं तोंड, म्हणजे सर्वांत रुंद भागाची उंची. ही उंची उभी मोजायची, एकाच तारखेला, वरच्या रेषेपासून खालच्या रेषेपर्यंत. तारीख कोणती? मी दोन्ही रेषा सुरू झाल्या ती धरतो, म्हणजे दिवस ६. त्या दिवशी वरची रेषा २.०० आणि खालची १.६२, उंची ०.३८. ही उंची ब्रेकडाउनच्या दिवशी रेषा जिथे होती तिथून वजा करायची:

२.२२ − ०.३८ = १.८४

दुसरं मोजमाप आणखी सोपं आहे: वेज जिथून सुरू झाला तो तळ, इथे १.५०. चार्ट वाचणाऱ्यांमध्ये जुनी समजूत आहे की रायझिंग वेज तुटला की वेजमध्ये झालेली सगळी कमाई परत जाते. त्यामुळे १.८४ हे पहिलं आणि १.५० हे दूरचं टार्गेट. रेषेपासून मोजलं तर पहिलं सुमारे १७ टक्के खाली आहे आणि दुसरं सुमारे ३२ टक्के.

मी मोजलं तर १.७२ येतं, मित्राचं १.४४ येतं. चार्ट तोच आहे. असं का?

कारण तिघांनी तीन वेगळ्या उंच्या घेतल्या. १.७२ येतं ते पहिल्या तळापासून (१.५०) पहिल्या शिखरापर्यंत (२.००) तिरकं मोजल्यावर. ही उंची ०.५० आहे, पण त्यात फक्त वेजची रुंदी नाही, सहा दिवसांची चढणही मिसळलेली आहे. १.४४ येतं ते वेजमधल्या सर्वांत खालच्या किमतीपासून सर्वांत वरच्या किमतीपर्यंत, म्हणजे १.५० ते २.२८ मोजल्यावर. ते अंतर वेजनं केलेल्या एकूण प्रवासाचं आहे, रुंदीचं नाही. आयताकृती रेंजमध्ये हे अंतर आणि रुंदी एकच असतात, म्हणून ती सवय इथेही येते.

वरची रेषा मागे ताणून दिवस ० पर्यंत नेली तर तिथे ती १.९४ वर येते आणि उंची ०.४४ होते, टार्गेट १.७८. याला मी चूक म्हणणार नाही, बरेच जाणकार तसं करतात. पण दिवस ० ते ६ या काळात त्या वरच्या रेषेवर कोणी विकलेलं नव्हतं; रेषा आपण कल्पनेनं मागे ओढली. म्हणून १.८४ आणि १.७८ यांमधला पट्टा धरावा आणि जवळचा आकडा आधी गृहीत धरावा. कुठलाही एक आकडा दोन दशांशांपर्यंत खरा मानण्यापेक्षा हा पट्टा जास्त प्रामाणिक आहे.

लॉग स्केल वापरू की साधा लिनियर?

मोठ्या तेजीनंतरच्या ऑल्टकॉइनमध्ये टार्गेट सर्वांत जास्त बिघडतं ते याच ठिकाणी, म्हणून इथे थोडं थांबू.

लिनियर स्केलवर ०.१० डॉलरची वाढ कुठेही तेवढीच उंच दिसते. लॉग स्केलवर सारख्या टक्क्यांची वाढ सारखी उंच दिसते. त्यामुळे लॉगवर टार्गेट मोजताना वजाबाकी नाही, गुणोत्तर वापरावं लागतं. आपल्या उदाहरणात तोंडाशी खालची रेषा वरचीच्या १.६२ ÷ २.०० = ०.८१ पट होती:

२.२२ × ०.८१ = १.८० (जवळपास)

१.८४ आणि १.८० मध्ये फार फरक नाही, कारण वेज सुरू झाल्यावर किंमत फार पळाली नव्हती. आता दुसरी परिस्थिती बघा. समजा तेजीच्या सुरुवातीपासूनच कोणी रेषा ओढल्या: तोंडाशी ०.४० आणि ०.७०, आणि ब्रेकडाउनच्या वेळी खालची रेषा १.८०, वरची २.१०. लिनियरवर रुंदी दोन्हीकडे ०.३० आहे, म्हणजे हा वेज नाहीच, समांतर चॅनेल आहे आणि टार्गेट १.५०. लॉगवर मात्र तोंडाचं गुणोत्तर ०.५७ आणि शेवटचं ०.८६, म्हणजे तो छान निमुळता दिसतो, टार्गेट १.८० × ०.५७, सुमारे १.०३. एकाच कॉइनवर एक जण १७ टक्के घसरण सांगतोय, दुसरा ४३ टक्के, आणि दोघांचं गणित बरोबर आहे.

यातून दोन नियम निघतात. पहिला: ज्या स्केलवर रेषा ओढल्या त्याच स्केलवर उंची मोजायची. लॉगवर रेषा ओढून डॉलरमध्ये वजाबाकी केली की आकड्याला काही अर्थ राहत नाही. शिवाय लिनियरवरची सरळ रेषा लॉगवर वाकते, त्यामुळे स्केल बदलला की ब्रेकडाउनची तारीखसुद्धा बदलू शकते.

दुसरा नियम कमी सांगितला जातो. किंमत चढत असताना डॉलरमधली रुंदी कमी होत असेल, तर टक्क्यांमधली रुंदी कमी होणारच. म्हणजे लिनियरवर निमुळता होणारा चढता आकार लॉगवरही निमुळताच असतो. उलट मात्र खरं नाही: लॉगवर निमुळता दिसणारा आकार लिनियरवर चॅनेल असू शकतो, अगदी रुंदावणारासुद्धा असू शकतो. म्हणून वेज खरा आहे का हे तपासायला लिनियर ही जास्त कडक परीक्षा आहे. कॉइन पाच-दहा पट झाल्यावर लॉग चार्टवर जिकडे तिकडे वेज दिसू लागतात त्याचं कारण हेच.

माझी पद्धत: संपूर्ण तेजी समजून घ्यायला लॉग, वेज तपासायला लिनियर. दोन्हीकडे निमुळता असेल तरच टार्गेट काढायचं आणि दोन्ही स्केलची टार्गेट शेजारी लिहायची. ती जवळ असली तर विश्वास वाढतो. फार लांब असली तर रेषा फार मागून ओढल्या आहेत, हे कळतं.

रेषा विकवरून काढायची की कँडलच्या बॉडीवरून?

विक म्हणजे कँडलच्या वर-खाली निघणारी बारीक रेघ, बॉडी म्हणजे ओपन आणि क्लोजमधला जाड भाग. दोन्ही चालतं, पण वरच्या आणि खालच्या रेषेला एकच पद्धत हवी. पर्पेच्युअल फ्युचर्सच्या, म्हणजे मुदत नसलेल्या फ्युचर्सच्या, चार्टवर लिक्विडेशनमुळे लांबच लांब विक निघतात. १०-११ ऑक्टोबर २०२५ ला सुमारे २४ तासांत १९ अब्ज डॉलरहून जास्त लिव्हरेज पोझिशन साफ झाल्या, तेव्हा अनेक ऑल्टकॉइनच्या विक वेगवेगळ्या एक्सचेंजवर पूर्णपणे वेगळ्या खोलीपर्यंत गेल्या. अशी विक रेषेसाठी वापरली तर वेजचं तोंड भलतंच मोठं होतं आणि टार्गेटही. जिथे त्या कॉइनचा स्पॉट व्हॉल्यूम सर्वांत जास्त आहे तो चार्ट घ्यावा आणि एकटी, बाकी एक्सचेंजवर न दिसणारी विक सोडून द्यावी.

ब्रेकडाउन झाला असं केव्हा मानायचं?

डेली वेजसाठी डेली क्लोज. क्रिप्टोमध्ये बाजार बंद होत नाही, बहुतेक चार्टवर डेली कँडल यूटीसीच्या मध्यरात्री बंद होते. त्याआधी रेषेखाली गेलेली किंमत परत आत येऊ शकते आणि ऑल्टकॉइनमध्ये येतेही. व्हॉल्यूम वाढलेला असेल तर उत्तम, पण घसरणीच्या ब्रेकला व्हॉल्यूमची अट वरच्या ब्रेकइतकी कडक नसते. खरेदीदार बाजूला झाले तरी किंमत पडते.

ब्रेक कुठे होतो तेही बघा. वेजच्या पहिल्या तळापासून टोकापर्यंतच्या अंतराच्या साधारण दोन तृतीयांशानंतर तो अपेक्षित असतो. आपल्या उदाहरणात ४४ पैकी ३६ वा दिवस, म्हणजे ८२ टक्के. थोडा उशिरा, पण चालण्यासारखा. किंमत टोकापर्यंत जाऊन आडवी सरकत बाहेर आली तर वेज विसरून जावं. तिथे तुटण्यासारखं काही उरलेलं नसतं.

टार्गेट रेषेपासून मोजायचं की मी विकलं त्या किमतीपासून?

रेषेपासून. हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी आपलं टार्गेट नकळत खाली सरकवलेलं असतं.

रेषा २.२२ वर तुटली, कँडल २.१२ वर बंद झाली. ०.३८ पैकी ०.१० पहिल्याच दिवशी खर्च झाले. स्टॉप शेवटच्या शिखराच्या वर, २.३० वर ठेवला आणि २.१२ ला शॉर्ट घेतला, म्हणजे घसरणीवर पैसे लावले, तर धोका ०.१८ आणि १.८४ पर्यंत फायदा ०.२८, म्हणजे धोक्याच्या दीडपटीहून किंचित जास्त. आता जो म्हणतो की मी २.०६ चा शेवटचा स्विंग लो, म्हणजे दिवस २८ चा तळ, तुटेपर्यंत थांबतो, त्याला २.०४ ला प्रवेश मिळतो. त्याचा धोका ०.२६ आणि १.८४ पर्यंत फायदा फक्त ०.२०. त्याच्यासाठी पहिलं टार्गेट घेण्यासारखं नाही, १.५० पर्यंतचं ०.५४ अंतरच त्याचा व्यवहार परवडण्याजोगा करतं.

स्विंग लो तुटण्याची पुष्टी चांगलीच आहे, कारण तोपर्यंत फक्त एक तिरकी रेषा तुटलेली असते, चढत्या तळांची साखळी तुटलेली नसते. पण पुष्टीची किंमत जवळच्या टार्गेटमधून वसूल होते. ऑल्टकॉइनमध्ये ब्रेकडाउनची कँडल मोठी असल्यामुळे ही किंमत इतर बाजारांपेक्षा जास्त असते. हिशेब जुळत नसेल तर व्यवहार सोडावा. टार्गेट खाली ओढून हिशेब जुळवू नये.

रिटेस्टची वाट बघावी का?

रेषेच्या रिटेस्टची, म्हणजे तुटलेल्या रेषेला किंमत खालून परत शिवण्याची, नाही, आणि कारण साधं गणित आहे. खालची रेषा ब्रेकनंतरही चढत राहते. दिवस ३६ ला ती २.२२ वर होती, दिवस ४१ ला ती २.३२ वर असेल, म्हणजे शेवटच्या शिखराच्या (२.२८) वर. त्या दिवशी किंमत रेषेला शिवली तर ती रिटेस्ट नव्हे, ब्रेकडाउन फसल्याचा पुरावा आहे. म्हणून रेषेचा रिटेस्ट पहिल्या दोन-तीन दिवसांत झाला तर झाला. त्यानंतर आडव्या पातळ्या बघाव्यात: तुटलेला २.०६ चा तळ खालून अडथळा बनतो का, हा जास्त उपयोगी प्रश्न आहे.

पहिलं टार्गेट आणि वेजचा तळ, यांत निवड कशी करायची?

दुसऱ्या मार्गानं काढलेली पातळी जवळ येते का ते पाहावं. ०.४० ते २.२८ या पूर्ण तेजीवर फिबोनाची रिट्रेसमेंट, म्हणजे तेजीचा किती भाग परत जातो याच्या ठरावीक टक्केवारीच्या पातळ्या, लावली तर २३.६ टक्क्यांची पातळी १.८४ वर येते आणि ३८.२ टक्क्यांची १.५६ वर. म्हणजे दोन्ही टार्गेटच्या शेजारी एकेक पातळी आहे. लिनियरवरची फिबोनाची आणि लॉगवरची वेगळी असते हे इथेही लक्षात ठेवा. ५० टक्क्यांची पातळी एकीकडे १.३४ आणि दुसरीकडे सुमारे ०.९५ येते.

मग वेजच्या आत किंमत कुठे रेंगाळली होती ते बघा. आपल्या कॉइननं दिवस १६ ला १.८२ चा तळ केला होता, तोही १.८४ जवळ आहे. तीन गोष्टी एकत्र आल्या की तिथे उसळी येण्याची शक्यता मोठी असते, म्हणून पोझिशनचा मोठा भाग तिथे मोकळा करणं मला योग्य वाटतं. उरलेल्या भागाचा स्टॉप २.०६ च्या जरा वर आणून १.५० साठी ठेवता येतो. १.५० जवळची ऑर्डरही नेमकी १.५० वर न लावता १.५६ पासून खाली विभागून लावावी. त्या तळाच्या आधीच अनेकांच्या खरेदीच्या ऑर्डर बसलेल्या असतात आणि किंमत तिथून मागे फिरते.

०.४०, म्हणजे तेजीचा उगम, हे वेजचं टार्गेट नाही. कॉइन तिथे जाऊ शकतो, अनेक ऑल्टकॉइन गेलेही आहेत, पण ते या आकाराच्या मापातून निघत नाही. तसं सांगणाऱ्यानं वेगळं कारण द्यायला हवं.

माझ्याकडे शॉर्ट नाही, फक्त कॉइन आहेत. मला याचा काय उपयोग?

तुमच्यासाठी टार्गेट म्हणजे किती घसरण सोसायची तयारी ठेवायची याचा अंदाज. २.१२ च्या क्लोजवर काही भाग विकला, २.०६ तुटल्यावर आणखी काही, असं करता येतं. उरलेल्या कॉइनवर १.५० पर्यंतची घट सहन होणार नसेल तर ते कॉइन आधीच जास्त आहेत. आणि २.२८ च्या वर डेली क्लोज आला तर ब्रेकडाउन रद्द समजून परत घेण्याची तयारी ठेवावी, विकलेल्या किमतीपेक्षा महाग पडले तरी.

टार्गेट गाठण्याआधीच किंमत उलटते, ती का?

बहुतेकदा दोन कारणं असतात. एक म्हणजे शॉर्टची गर्दी. ब्रेकडाउन सगळ्यांना दिसतो, पर्पेच्युअलमध्ये शॉर्ट वाढतात, फंडिंग रेट ऋण होतो, म्हणजे शॉर्टवाले लाँगवाल्यांना पैसे देऊ लागतात. किंमत खाली जात नसताना फंडिंग खोल ऋण होत चाललं तर स्क्वीझ, म्हणजे शॉर्टवाल्यांना घाईनं परत खरेदी करावी लागून येणारी उसळी, जवळ आहे असं समजून शॉर्ट हलका करावा.

दुसरं कारण बिटकॉइन. ऑल्टकॉइनचा डॉलर चार्ट बिटकॉइनच्या चालीसकट असतो. म्हणून त्याच कॉइनचा बीटीसी जोडीचा, म्हणजे बिटकॉइनमधल्या किमतीचा, चार्ट उघडावा. तिथेही वेज तुटलेला असेल तर कमजोरी कॉइनची स्वतःची आहे आणि बिटकॉइन स्थिर राहिला तरी टार्गेटला वाव राहतो. तिथे काहीच तुटलेलं नसेल, तर डॉलरमधला ब्रेकडाउन बिटकॉइनच्या घसरणीची सावली आहे. बिटकॉइन सावरला की रेषा परत वर घेतली जाते आणि १.८४ बाजूलाच राहतं.

घसरण किती दिवसांत होईल?

या मापात वेळ नाही. वेजमधली चढण जेवढे दिवस चालली त्यापेक्षा उतरण सहसा लवकर होते, पण तारीख काढायचं सूत्र नाही. मी उलट बाजूनं मर्यादा घालतो: ब्रेकनंतर आठ-दहा डेली कँडल झाल्या, २.०६ अजून तुटलेला नाही आणि कँडल लहान होत चालल्या आहेत, तर ज्या सक्तीच्या विक्रीवर टार्गेट उभं होतं ती झालेली नाही. तेव्हा पोझिशन सोडून नवा आकार तयार होऊ द्यावा.